साहेबांच्या निरोप समारंभात 'रोस्ट' करायला सांगितलंय. काय बोलू, काय टाळू?

सातरस्ता_८७ (रविवार, रात्री ९:१०)

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात एका बँकेच्या विभागीय कार्यालयात अधिकारी आहे, आठ वर्षं झाली. आमचे साहेब तीन वर्षं इथे काढून बढतीवर मुख्य कार्यालयात चाललेत. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसच्याच हॉलमध्ये निरोप समारंभ आहे. गणपतीत मी नकला करतो, म्हणून सगळ्यांनी ठरवलं की पाच-सहा मिनिटं मी साहेबांना 'रोस्ट' करायचं. साहेबांना कळल्यावर ते स्वतः टेबलाशी येऊन म्हणाले, "मोकळेपणाने बोल, मला काही वाटत नाही."

तेव्हापासून झोप उडालीय. साहेब माणूस वाईट नाही, पण कडक आहेत, आणि स्टाफच्या मनात बरंच साठलंय. लोक येऊन सांगतात, 'हे बोल, ते बोल'. आतापर्यंत जमलेले मुद्दे असे:

साहेब "दोन मिनिटं आत या" म्हणतात आणि बैठक दोन तास चालते. रात्री पावणेबाराला ग्रुपवर "कुठपर्यंत आलंय?" असा मेसेज टाकतात. त्यांच्या केबिनमध्ये एसी १८ वर आणि बाहेर आम्ही ४३ डिग्रीत पंख्याखाली. एका सहकाऱ्याला वडिलांच्या ऑपरेशनसाठी रजा द्यायला त्यांनी फार घासाघीस केली होती, त्यावर एक वाक्य तयार आहे. साहेब विदर्भातले, त्यांचं "करून राहिले, येऊन राहिले" मला हुबेहूब जमतं. आणि शेवटचा किस्सा नळाच्या पाण्याचा, तो नंतर सांगतो.

यातलं काय बोलावं? आपलं पुढचं करिअर सांभाळून बोलता येतं का?

बाळीवेस (रविवार, रात्री ९:२२)

साहेब चाललेत ना बे? मग घाबरतो कशाला! जाणाऱ्या माणसाचा हात काय लांब असतो? सगळं बोलून टाक. तीन वर्षं ऐकून घेतलं तुम्ही, सहा मिनिटं त्यांना ऐकू दे.

शेंगाचटणी (रविवार, रात्री ९:३०)

आमच्याकडे सेंडऑफ म्हणजे चादर, श्रीफळ, शाल आणि "साहेब आमच्या वडिलांसारखे" एवढंच. रोस्ट कधीपासून आलं?

बाळीवेस (रविवार, रात्री ९:३३)

वडिलांसारखे म्हणजे रोज ओरडणारे, बरोबर आहे की.

निवेदक_नाना (रविवार, रात्री १०:०५)

सातरस्ता, मी तीसेक वर्षं सोलापुरात कार्यक्रमांचं सूत्रसंचालन केलंय. हुतात्मा स्मृती मंदिरापासून ऑफिसांच्या जेवणघरापर्यंत निरोप समारंभ किती केले ते मोजले नाहीत. विनोदाकडे नंतर येऊ. आधी दोन प्रश्न.

एक, मार्च संपलाय. तुमचं गेल्या वर्षाचं मूल्यमापन साहेबांनी भरून पाठवलंय का? दुसरा, शुक्रवारी समोर कोण कोण बसणार आहे?

बाळीवेस, तुमचं अर्धं बरोबर आहे. निवृत्त होणारा साहेब आणि बदलीवर जाणारा साहेब यांत जमीन-अस्मानाचा फरक. त्यातही निवृत्त माणसाकडे अहवाल बाकी असेल तर बऱ्याच ठिकाणी तो नंतर काही दिवस लिहू शकतो. इथे तर साहेब बढतीवर चाललेत. हात आखूड होत नाहीये, लांब होतोय.

सातरस्ता_८७ (रविवार, रात्री १०:१८)

नाना, मूल्यमापन... मी माझा भाग एप्रिलमध्ये भरला. साहेबांचा शेरा अजून बाकी आहे. हे डोक्यातच आलं नव्हतं.

समोर आमचा ३८ जणांचा स्टाफ, नवे साहेब, झोनचे मोठे साहेब पाहुणे म्हणून, आणि साहेबांच्या बायको व मुलगी नागपूरहून येणार आहेत.

निवेदक_नाना (रविवार, रात्री १०:४०)

मग तुमच्यासमोर चार वेगवेगळी माणसं बसलीत आणि एकच वाक्य चौघांना वेगळं ऐकू जाणार आहे.

रात्री पावणेबाराचा मेसेज घ्या. स्टाफला तो विनोद आहे. बायकोला ती रोजची डोकेदुखी आहे, घरी जाऊन त्यावर बोलणं होणार. नव्या साहेबांना तो इशारा आहे की हा पोरगा जुन्या साहेबांबद्दल असं बोलतो, उद्या माझ्याबद्दल बोलेल. आणि झोनच्या साहेबांना ती साक्ष आहे. वेळेसकट सांगितलीत तर आणखीच पक्की. विनोदात जितका खरा आकडा, तितकी त्याची तक्रार होते.

मी एकच कसोटी लावतो. आपलं वाक्य कागदावर लिहायचं, वर 'विषय: तक्रार अर्ज' असं घालायचं आणि वाचायचं. अर्जात ते शोभलं तर मंचावर बोलायचं नाही. "साहेब रात्री ११:४५ ला मेसेज करतात" हे अर्जात शोभतं. "साहेबांची दोन मिनिटं संपेपर्यंत माझा रांगणारा पोरगा शाळेत जायला लागला" हे कुठल्याही अर्जात बसत नाही. मुद्दा तोच आहे, साहेब वेळ खातात. पण दुसऱ्या वाक्यात गोष्ट इतकी फुगलीय की तिला कोणी पुरावा म्हणून धरू शकत नाही. साहेबही हसू शकतात, कारण त्यांना काही कबूल करावं लागत नाही.

विणकर_गल्ली (रविवार, रात्री ११:०२)

माझी पण केस सांगतो. मी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सहा वर्षं काढून नोकरी सोडतोय. माझाच निरोप समारंभ आहे पुढच्या आठवड्यात. मला मालकाला रोस्ट करायचंय. जाताना तरी मनातलं बोलावं ना?

बाळीवेस (रविवार, रात्री ११:०५)

दादा, इथे साहेब चाललेत. तू चाललायस. धागा वाच की.

कागदपत्रं_आधी (रविवार, रात्री ११:२०)

विणकर_गल्ली, तुमचा प्रश्न वेगळा असला तरी उत्तर देते, कारण घाई तुम्हालाच आहे. कार्यमुक्तीचं पत्र हातात आलंय का? अनुभवाचा दाखला? शेवटचा हिशेब? सहा वर्षं झालीत म्हणजे पाच वर्षांची अट पुरी झालीय, ग्रॅच्युइटी लागू होते. कायद्याने ती देय झाल्यापासून ३० दिवसांत द्यायची असते. कायदा तुमच्या बाजूने आहे, पण फाइल हलवणारा माणूस मालकाच्या समोरच्या टेबलावर बसतो. आणि नव्या ठिकाणचे लोक फोन करून विचारतात तेव्हा ते कोणाला विचारतात? मनातलं जरूर बोला, पण ते मालकांना चहा पिताना एकट्यात. माइकवर नको.

विणकर_गल्ली (रविवार, रात्री ११:२८)

पत्र नाही मिळालं अजून. बरं झालं विचारलं. धन्यवाद ताई.

बॉस_होते_मी (सोमवार, सकाळी ७:५०)

मी दुसऱ्या बाजूने लिहिते. चार वर्षांपूर्वी माझी बदली झाली तेव्हा माझं रोस्ट झालं होतं. मला आधी विचारलं होतं, "मॅडम, चालेल ना?" मी म्हणाले, "हो, बिनधास्त." दुसरं काय म्हणणार? नाही म्हटलं असतं तर 'बाईंना विनोद कळत नाही' हे माझ्यामागे पुढच्या ऑफिसपर्यंत आलं असतं. म्हणून सातरस्ता, तुमच्या साहेबांच्या "मला काही वाटत नाही" या वाक्यावर फार भार टाकू नका. ३८ लोकांनी ठरवून टाकल्यावर साहेबालाही नाही म्हणायची सोय उरत नाही. त्या एका संध्याकाळी अधिकार थोडा उलटा झालेला असतो. शनिवारी सकाळी तो परत सुलटा होतो.

त्या दिवशी एका मुलाने माझ्या चिडण्यावर विनोद केला. चांगला होता, मी मनापासून हसले. दुसऱ्याने माझ्या साड्यांवर आणि 'घरी साहेबांचं काय होत असेल' यावर केला. तेव्हाही मी हसले. चेहरा तसाच ठेवला, टाळ्याही वाजवल्या. पण दोन महिन्यांनी एका चांगल्या कामासाठी दोन नावं सुचवायला सांगितली, तेव्हा त्या दुसऱ्या मुलाच्या नावापाशी माझा हात थांबला. मी सूड घेतला असं नाही. मनात आलं की याला कुठे थांबायचं ते कळत नाही, याला गिऱ्हाइकापुढे कसा पाठवू? त्याला ते आजही माहीत नाही. त्याच्या हिशेबी कार्यक्रम झकास झाला होता, मॅडम हसल्या होत्या.

कागदपत्रं_आधी (सोमवार, सकाळी ८:१५)

बॉस_होते_मी, तुमचा शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला. एक भर घालते. बाई असलेल्या साहेबावर असे विनोद झाले तर विषय नुसता वाईट वाटण्याचा राहत नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा २०१३ चा कायदा लैंगिक रोखाच्या शाब्दिक टीकाटिप्पणीलाही लागू होतो. 'कार्यक्रमात गमतीत बोललो' हा त्यावर बचाव नव्हे.

गड्डा_यात्रा (सोमवार, सकाळी ९:००)

एवढा विचार करायचा तर रोस्ट कशाला म्हणायचं? रोस्ट म्हणजे सोलूनच काढायचं असतं. अमेरिकेत तर एकेकाला रडवतात.

निवेदक_नाना (सोमवार, सकाळी ९:४५)

गड्डा_यात्रा, न्यूयॉर्कच्या ज्या फ्रायर्स क्लबमुळे ही पद्धत नावारूपाला आली, तो १९०४ मध्ये नाटक-करमणुकीच्या धंद्यातल्या लोकांचा क्लब म्हणून सुरू झाला. मंचावर बसणारे सगळे एकाच पंगतीतले नट, विनोदवीर. आज मी तुला सोललं तर उद्या तू मला सोलशील, हा तिथला करार. कोणी कोणाचा पगार, रजा, बढती ठरवत नव्हता.

आपल्याकडेही हेच होतं. लग्नात विहिणी एकमेकींवर गाणी रचून टोमणे मारायच्या. इकडच्यांनी एक म्हटलं की तिकडच्यांनी दोन म्हणायचे. दोन्ही बाजूंना तोंड होतं म्हणून ते चालायचं. तमाशात सोंगाड्या राजाची खिल्ली उडवतो, पण तो सोंगाड्या आहे हे राजापासून पब्लिकपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं, आणि वग संपला की दोघे एकाच राहुटीत भाकरी खातात. ऑफिसात यातलं काहीच नाही. सातरस्ता सोमवारी परत अधिकारीच असणार आहे.

म्हणून मी निवेदक असताना एक गोष्ट कधी सोडली नाही. रोस्ट करणाऱ्याला साहेबांच्या भाषणाच्या लगेच आधी ठेवायचं. साहेबांना उत्तर देण्याची संधी हवी, आणि ती तिथल्या तिथे हवी. ज्याला माइकवर परतफेड करता आली तो मनात कमी ठेवतो. रोस्ट झालं आणि मग आभार, राष्ट्रगीत, जेवण, असं झालं तर साहेब ते ओझं गाडीत घेऊन जातात. तुमची कार्यक्रमपत्रिका कशी आहे?

सातरस्ता_८७ (सोमवार, दुपारी १:३०)

नाना, पत्रिकेत मी साहेबांच्या भाषणानंतर होतो! 'शेवटी धमाल' म्हणून. आता बदलून घेतलं. झोनचे साहेब, मग मी, मग साहेबांचं मनोगत, मग आभार.

होटगी_रोड (सोमवार, दुपारी २:१०)

रजेच्या मुद्द्यावर कोणी बोललं नाही अजून. दादा, ते वाक्य काय तयार केलंय?

सातरस्ता_८७ (सोमवार, दुपारी २:२५)

"आमच्या ऑफिसात वडिलांनी आजारी पडायच्या आधी साहेबांची मंजुरी घ्यावी लागते." दोघातिघांना ऐकवलं, खूप हसले.

होटगी_रोड (सोमवार, दुपारी २:३२)

ज्याच्या वडिलांचं ऑपरेशन झालं तो हसला का?

सातरस्ता_८७ (सोमवार, दुपारी २:४०)

त्याला ऐकवलं नाही.

होटगी_रोड (सोमवार, दुपारी ३:०५)

मग नको दादा. माझं सांगते. आमच्या ऑफिसात असाच प्रकार झाला होता, माझ्या गर्भपातानंतरच्या रजेवरून. बोलणारा माझ्या बाजूने बोलत होता, साहेबांना टोचायला. सगळे साहेबांकडे बघून हसले आणि मग माझ्याकडे बघितलं. मला तिथून उठून जावंसं वाटलं. साहेबांना काय लागलं ते मला माहीत नाही. मला मात्र लागलं. ज्याचं दुःख आहे त्याची परवानगी साहेबांच्या परवानगीच्या आधी लागते.

सातरस्ता_८७ (सोमवार, दुपारी ३:२०)

काढलं, ताई. माफ करा.

बाळीवेस (सोमवार, दुपारी ४:००)

हे मलाही पटलं. पण एसीचा विनोद ठेवा, त्यात कोणाचं दुखत नाही. "केबिनमध्ये काश्मीर, बाहेर सोलापूर." सोलापूरकर एवढं तर बोलणारच बे, मे महिना आहे.

निवेदक_नाना (सोमवार, दुपारी ४:२०)

वाक्य चांगलं आहे. पण ते साहेबांवर नाही, सोयींच्या वाटपावर आहे. झोनच्या साहेबांसमोर ते मागणीपत्र होतं. मी ठेवणार नाही.

बाळीवेस (सोमवार, दुपारी ४:२६)

मग मागणी होऊ दे की! तीन वर्षं पत्रं लिहून कूलर नाही मिळाला, विनोदाने मिळाला तर काय बिघडलं?

बॉस_होते_मी (सोमवार, संध्याकाळी ५:१०)

बाळीवेस, मागणी बरोबर आहे, पण ती कोण करतंय ते बघा. ३८ जणांची मागणी एकट्या सातरस्ताच्या नावावर जमा होईल. हे मी साहेबांच्या खुर्चीतून बघितलंय. स्टाफ स्वतःला जे बोलायचं नाही ते विनोदी माणसाच्या तोंडी देतो. जे लोक येऊन 'हे बोल, ते बोल' सांगतात, त्यांना विचारा, "मंचावर माझ्याशेजारी उभे राहाल का?"

सातरस्ता_८७ (सोमवार, रात्री ९:४५)

मॅडम, आज संध्याकाळी खरंच विचारलं. रजेचं आणि एसीचं सांगणारे दोघेही म्हणाले, "छे छे, तूच छान बोलतोस."

सीना_काठ (मंगळवार, सकाळी ८:२०)

नकलेबद्दल विचारू का? सोलापुरात आपण सगळेच तीन भाषा बोलतो. माझ्या वर्गात मराठी, कानडी, तेलुगू पोरं होती, एकमेकांची नक्कल करतच मोठे झालो. साहेबांच्या वऱ्हाडी बोलण्याची नक्कल केली तर त्यात वाईट काय? प्रेमच आहे की त्यात.

पद्मशाली_पोरगा (मंगळवार, सकाळी ९:१०)

सीना_काठ, मी त्याच वर्गातला तेलुगू पोरगा समजा. मराठी बोलताना माझा ण आणि न उलटसुलट व्हायचा. मित्रांनी केलेली नक्कल मला चालायची, कारण मी त्यांच्या बोलण्याची करायचो. पण नोकरीला लागल्यावर एका कार्यक्रमात सगळ्या ऑफिससमोर माझी नक्कल झाली तेव्हा फार वाईट वाटलं. त्यानंतर बैठकीत बोलताना प्रत्येक वाक्य आधी मनात जुळवायचो. साहेब वरच्या जागेवर आहेत म्हणून त्यांना असं होणार नाही हे कशावरून? त्यांची मुलगीही समोर असणार. ती तशीच बोलत असेल.

सीना_काठ (मंगळवार, सकाळी ९:३०)

मुलीचा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता. तरी मला वाटतं एखादा शब्द चालेल. आख्खी नक्कल नको.

निवेदक_नाना (मंगळवार, सकाळी १०:१५)

बोलीबद्दल माझी फूटपट्टी अशी: साहेब स्वतः त्यावर विनोद करतात का, तेही हाताखालच्या लोकांसमोर? करत असतील तर त्यांनी दार उघडलंय, तेवढ्याच दारातून आत जा. नसतील करत तर बाहेरच थांबा. आणि हे फक्त बोलीला लागू नाही. सातरस्ता, साहेब स्वतःबद्दलचा कुठला किस्सा स्वतःहून सांगतात?

सातरस्ता_८७ (मंगळवार, दुपारी १:४०)

बोलीवर कधीच नाही बोलत. नळाचा किस्सा मात्र प्रत्येक नव्या माणसाला सांगतात!

झालं असं. इथे नळाला रोज पाणी येत नाही, चार-पाच दिवसांनी येतं, आणि साहेब एकटेच राहतात. पहिल्या वर्षी त्यांनी तिमाही आढावा नेमका आमच्या भागाच्या पाण्याच्या दिवशी ठेवला. आम्ही चौघांनी तासाभराची सवलत मागितली. साहेब म्हणाले, "नळासाठी आढावा थांबत नाही." दोन महिन्यांनी भर बैठकीत त्यांच्या घरमालकांचा फोन आला. साहेब उभे राहिले, "पाणी आलंय" म्हणाले आणि गेले. चाळीस मिनिटांनी परत आले, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. त्या दिवसापासून पाण्याच्या दिवशी बैठक लागली नाही.

निवेदक_नाना (मंगळवार, दुपारी २:००)

अहो, हाच तुमचा रोस्ट! बाकी सगळं बाजूला ठेवा. यात साहेब हरतात, पण नळापुढे हरतात, तुमच्यापुढे नाही. आधीचा कडकपणा आहे, नंतर शिकणंही आहे, आणि साहेब स्वतः तो सांगतात. हॉलमधला प्रत्येक सोलापूरकर त्या नळाचा नोकर आहे, झोनचे साहेबसुद्धा इथे राहत असतील तर. एकाच गोष्टीवर चार मिनिटं काढा. दोन मिनिटांच्या बैठकीने सुरुवात करा, नळावर जा, शेवटी ती भिजलेली पँट.

सहा मिनिटं घेऊ नका. पाचव्या मिनिटाला माणूस टाळ्यांच्या नादात ठरवलेलं सोडून बोलायला लागतो, आणि बहुतेक घात तिथेच होतो. कागद हातात ठेवा. बुधवारी एकदा साहेबांच्या शिपायाला किंवा जुन्या क्लार्कला वाचून दाखवा, जो साहेबांना रोज बघतो. तो हसताना दाराकडे बघतो का ते पाहा. दाराकडे बघून हसला तर ते वाक्य गरम आहे, काढा.

शेंगाचटणी (मंगळवार, दुपारी २:१५)

"सोलापुरात साहेबांपेक्षा मोठा साहेब एकच, नळ. तोही चार दिवसांनी ऑफिसला येतो, पण आला की सगळे उभे राहतात." हे घ्या, माझ्याकडून आहेर.

सातरस्ता_८७ (मंगळवार, दुपारी २:१८)

घेतलं!!

बॉस_होते_मी (मंगळवार, संध्याकाळी ६:३०)

एक विनंती. शेवट 'साहेब आमच्या वडिलांसारखे' असा करू नका. चार मिनिटं खरं बोलून शेवटी खोटं बोललात तर आधीचंही खोटं वाटतं. तीन वर्षांत त्यांनी तुमच्यासाठी केलेली एकच गोष्ट सांगा, लहान असली तरी चालेल, पण घडलेली.

सातरस्ता_८७ (शनिवार, सकाळी ११:२०)

मंडळी, काल झालं.

बुधवारी आमच्या जुन्या शिपाईमामांना वाचून दाखवलं. 'दोन मिनिटं' आणि नळ यांवर ते मोकळे हसले. मेसेजचं एक सौम्य वाक्य ठेवलं होतं, त्यावर हसले पण मान दाराकडे वळली. काढलं. नक्कल केली नाही.

काल साडेचार मिनिटं बोललो. शेंगाचटणी, तुमच्या नळावर झोनचे साहेब टेबलावर हात आपटून हसले, ते विजापूर रोडला राहतात. भिजलेल्या पँटवर साहेबांची मुलगी सगळ्यांत मोठ्याने हसली, बहुतेक घरी ऐकलेला किस्सा असावा. शेवटी सांगितलं की पहिल्या वर्षी माझ्याकडून एका कर्जप्रकरणात चूक झाली होती, तेव्हा साहेबांनी वरच्या पत्राला माझं नाव न घालता स्वतःच्या सहीने उत्तर दिलं होतं. हे ऑफिसात कोणाला माहीत नव्हतं. हॉल एकदम शांत झाला.

मग साहेब उठले आणि पहिलंच वाक्य, "मी फक्त दोन मिनिटं बोलणार आहे." पुढची दहा मिनिटं त्यांनी माझी उतरवली. नाना, तुमचा क्रम अगदी बरोबर होता.

आता न सुटलेल्या दोन गोष्टी. मी खाली बसल्यावर मागून कोणीतरी ओरडलं, "काश्मीरचं राहिलं!" पाच-सात जण हसले. साहेबही हसले, पण नव्या साहेबांनी वळून कोण बोललं ते बघितलं आणि त्यांची नजर माझ्यावर थांबली. मी बोललो नव्हतो.

आणि ग्रुपवर कोणीतरी १५ सेकंदांचा व्हिडिओ टाकलाय. त्यात फक्त "नळासाठी आढावा थांबत नाही" एवढं साहेबांचं वाक्य मी म्हणतोय आणि लोक हसतायत. पुढचं काहीच नाही. साहेबांच्या नव्या ऑफिसातले दोघे त्या ग्रुपवर आहेत.

निवेदक_नाना (शनिवार, सकाळी ११:४०)

पोरा, छान केलंस. व्हिडिओ टाकणाऱ्याला आत्ता फोन कर, मेसेज नको, आणि काढायला सांग. पूर्ण चित्रण कोणाकडे असेल तर ते आधी साहेबांनाच पाठव, म्हणावं, 'ठेवायचं की नाही ते तुम्ही ठरवा.' मूल्यमापनाचं काय झालं?

सातरस्ता_८७ (शनिवार, दुपारी १२:०५)

ते बुधवारीच पाठवलं होतं त्यांनी, कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी. काल तारीख बघितली. फोन लावतोय आता.

बाळीवेस (शनिवार, दुपारी १२:१०)

काश्मीर मी असतो तर मीच ओरडलो असतो बे. पण नंतर उभं राहून 'मी बोललो' म्हणालोही असतो. त्या माणसाला शोध, नव्या साहेबांना सोमवारी त्यानेच सांगायला हवं.

सातरस्ता_८७ (शनिवार, दुपारी १२:३०)

व्हिडिओ काढला. तो माणूस कोण ते कळलंय, रजेचं वाक्य ज्याने मला दिलं होतं तोच. सोमवारी चहाला बोलावलंय.